प्रेसचा रॅम स्पंजासारखा दबतोय, टाकीत ताकासारखा फेस (तेल बदललं तरी तेच)

काळी_माती
नमस्कार मंडळी. वणीकडच्या एका छोट्या जिनिंगमध्ये रुईच्या गाठी बांधायची हायड्रॉलिक प्रेस माझ्याकडे असते. पंधरा दिवसांपासून डोक्याला ताप झालाय. रॅम वर जाताना सरळ जात नाही, धक्के खात जातो. मध्येच लिव्हर सोडला की बोटभर डुलतो आणि मग थांबतो. आधी कसं, लिव्हर ओढला की घट्ट उभा राहायचा. आता वाटतं खाली कुणी उशी ठेवलीय. पंप गिट्टी दळल्यासारखा आवाज करतो. टाकीचं झाकण उघडलं तर वर चार बोटं फेस आणि खालचं तेल ताकासारखं पांढरट.

मिस्त्री म्हणाला तेल खराब झालं. पूर्ण एक बॅरल नवं ६८ नंबर भरलं. दोन दिवस ठीक चाललं, तिसऱ्या दिवशी पुन्हा ताक. आता तोच मिस्त्री म्हणतो पंप बदला. मालक माझ्याकडे बघतात. पंप बदलायच्या आधी काय काय बघावं? एक गंमत अशी की सकाळच्या पहिल्या दोन-तीन गाठी छान निघतात.

मोर्शीचा_संत्रा
ताक झालंच आहे तर जिरं-मीठ टाका. पाहुण्यांची सोय.

जेसीबीवाला_गणू
भाऊ, रॅममध्ये एअर पकडली आहे, बाकी काही नाही. वरचा नट ढिला करा, रॅम चालवा, फेस निघून साफ तेल आलं की आवळा. आमच्या मशीनचं बूम असंच डुलायचं. अर्ध्या तासाचं काम.

तेलघाणी_ताई
अकोल्याहून लिहितेय. फेस येतो म्हणजे तेलात ओलावा राहिला. आमच्या घाणीच्या तेलाचं पण असंच होतं, कढईत टाकलं की फसफसून वर येतं. सरकी नीट वाळवून घेता का तुम्ही? आणि तेल दोन दिवस निवू द्या, गाळ खाली बसेल, मग वरचं काढा.

मोर्शीचा_संत्रा
ताई, हे भज्यांचं तेल नाही, प्रेस चालवायचं तेल आहे 😄

तेलघाणी_ताई
अगं बाई. मी "जिनिंग" आणि "तेल" एवढंच वाचलं. असू दे, निवू द्यायचं तर दोन्हीकडे लागू पडेल की.

ल्युब_काका
तीस वर्षं तेल विकतोय. काळी_माती, जुन्या तेलात कुणी इंजिन ऑइलचा डबा ओतला होता का? खरं सांगा. नव्वद टक्के ठिकाणी हंगामात तेल कमी पडलं की ट्रॅक्टरसाठी आणलेलं ओततात. इंजिन ऑइलमध्ये साबणासारखं औषध असतं, ते घाणही धरून ठेवतं आणि पाणीही. नवं भरताना टाकी पुसून घेतली नसेल तर तळाचं जुनं नव्यात मिसळलंच.

हायड्रो_नाना
ओपनकास्ट खाणीत शॉव्हेलच्या हायड्रॉलिकवर माझी सगळी नोकरी झाली, आता रिटायर आहे. काळी_माती, तुम्ही शेवटच्या वाक्यात जी गंमत म्हणून लिहिली, सगळं दुखणं त्याच वाक्यात आहे.

तेलात हवा दोन तऱ्हेने असते. एक विरघळलेली. ती साध्या तेलातही आठ-नऊ टक्के असते, दिसत नाही आणि काही बिघडवत नाही. दुसरी बुडबुड्यांची. ती खरी शत्रू. रात्रभर टाकी शांत राहिली की बुडबुडे वर येऊन फुटतात, म्हणून सकाळच्या गाठी बऱ्या. चार गाठींनंतर पुन्हा मऊ, म्हणजे चालू मशीनमध्ये हवा कुठून तरी सतत आत जातेय. तेल खराब असतं तर सकाळीही खराबच असतं.

गणू, तुझं अर्धं बरोबर आहे. रॅमच्या डोक्यावर हवा साठते आणि ती काढावी लागते, पण शेवटी. ज्या भोकातून हवा शिरते ते उघडं ठेवून रॅममधली काढलीस तर रोज काढत बसशील. शिवाय दाबात असलेला नट ढिला करायला कुणाला सांगू नको. दाबाच्या तेलाची बारीक चिळकांडी कातडीतून आत शिरते, जखम टोचल्याएवढी दिसते आणि बोट कापायची वेळ येते. गळती हाताने चाचपायची नाही, पुठ्ठा धरायचा. हवा काढायची तर दाब उतरवून, रॅम हळू चालवून.

आधी एक काम करा. मशीन चालू असताना, म्हणजे फेस भरात असताना, टाकीतून पेलाभर तेल काचेच्या ग्लासात घ्या आणि उजेडात ठेवून बघत बसा. पांढरेपणा खालून वर साफ होत गेला तर हवा. तसाच राहिला, किंवा तासाभराने तळाशी पाणी दिसलं, तर पाणी. ताईंच्या ओलाव्याच्या शंकेचं उत्तरही यातच मिळेल.

अभि_मेक
एक शंका. गाठ कापसाचीच असते. रुई स्वतःच स्पंज आहे. ती दाबताना काटा हळूच चढणार. मग तेल मऊ आहे की रुई, हे कसं ओळखणार? रुईत ओल कमी-जास्त असली तरी रॅमला फरक जाणवत असेल.

शेतकरी_राजा
भाऊ, माह्या ट्रॉलीचं पण असंच व्हायचं. रिकामी ट्रॉली झटकन उचलायची, अन् भरली की दोन झटके खाऊन मंग वर. मेकॅनिक म्हने जॅकचं सील गेलं. सील बदललं, काई फरक नाई. शेवटी एका म्हाताऱ्या ड्रायव्हरनं सांगलं, ट्रॉली वर असताना डिपस्टिक पाह्य. पाह्यलं तं तेल खुणेच्या कितीतरी खाली! ट्रॉली उचलली की जॅक गिअरबॉक्सातलंच तेल पेतो ना. खाली असताना लेव्हल बरोबर दिसे. कमी पडल्यावर पंप हवा ओढे. चार लिटर टाकलं, झालं काम.

हायड्रो_नाना
राजा, लाख मोलाचं बोललास. काळी_माती, हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

अभि, शंका चांगली आहे. रुई बाजूला काढून बघायचं. पेटी रिकामी, रिलीफ व्हॉल्व्हचा दाब कमी करून ठेवलेला, रॅम हळूच वर नेऊन त्याच्या स्टॉपला टेकवायचा आणि दाबाचा काटा बघायचा. समोर लोखंड आहे, दबणारं दुसरं काही नाही. तेल घट्ट असेल तर काटा सटकन उभा राहतो. रेंगाळला तर मऊपणा तेलातलाच. पण त्या वेळी रॅमखाली किंवा पेटीत कुणी नको.

काळी_माती
दोन्ही केलं. ग्लास खिडकीत ठेवला. पाच-सात मिनिटांत खालून चांदीसारखी रेघ वर सरकत गेली, पाऊण चहा होईपर्यंत तेल पिवळं स्वच्छ. तळाला पाण्याचा थेंब नाही. ताई, ओलावा सुटला.

काटा: शंभर किलोपर्यंत जायला तीनेक सेकंद. आमचा जुना प्रेसमन म्हणतो आधी "टचकन" जायचा.

काका, इंजिन ऑइल ओतलं होतं, खोटं बोलणार नाही. गेल्या हंगामात, दहा लिटर.

ल्युब_काका
बघा!

अभि_मेक
नाना, तीन सेकंदांवरून थोडा हिशेब मांडला. काळी_मातीशी फोनवर बोललो. रॅम २५० मिलिमीटरचा, उठाव अडीच मीटर, पंप मिनिटाला साठ लिटर. म्हणजे पूर्ण वर गेलेल्या रॅमखाली साधारण १२० लिटर तेल. शुद्ध तेल शंभर किलो दाबाला पाऊण टक्क्याच्या आसपास दबतं, म्हणजे पाऊणएक लिटर. पंप सेकंदाला एक लिटर देतो, तर एका सेकंदाच्या आत काटा उभा राहायला हवा.

आता त्यात दोन टक्के बुडबुडे धरा (हा माझा अंदाज, मोजलेला नाही). अडीच लिटरच्या आसपास हवा. शंभर किलोला ती चिमूटभर होते, म्हणजे ती दाबण्यातच पंपाचे दोन-अडीच सेकंद जास्तीचे गेले. एकूण तीन सव्वातीन. आकडा जवळ बसतोय. आणि ही हवा जवळपास सगळी पहिल्या दहा किलोतच चेंगरते, म्हणून सुरुवात लोण्यासारखी आणि शेवट कडक वाटत असणार.

काळी_माती
हो! अगदी तसंच. सुरुवात मऊ, शेवटी ठीक. गाठीचं वजन पण भरतंय, म्हणून मालकांना पटत नव्हतं की काही बिघडलंय.

हायड्रो_नाना
पोरा, हिशेब छान. डुलण्याचं कारणही हेच. लिव्हर सोडलास तरी दबलेली हवा स्प्रिंगसारखी रॅमला ढकलत राहते.

आता हवा कुठून शिरते ते शोधायचं. पहिला संशय सक्शनवर, म्हणजे टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीवर. लोक तिथे गळती शोधतात, कोरडं दिसतं आणि पुढे जातात. पंप चालू असताना त्या नळीत हवेपेक्षा कमी दाब असतो, त्यामुळे तेल बाहेर येतच नाही, हवाच आत जाते. कपडा कोरडा आणि पंप ओरडतोय, असं चित्र असतं.

पंप चालू ठेवा आणि एकेका जोडावर ग्रीसचा जाड लेप लावा. जोड, फ्लँज, शेवटी पंपाच्या शाफ्टचं सील. शाफ्टजवळ हात घालायचा नाही, तिथे तेलाच्या डब्याने लांबून धार सोडा. ज्या जागी लावल्याबरोबर आवाज बदलेल, तीच जागा. घाई करू नका, प्रत्येक जोडाला मिनिटभर द्या.

शेतकरी_राजा
फेस मारायचंच असंल तं फवारणीच्या टाकीत आमी ते फेस बसवायचं औषध टाकतो, दोन थेंबात फेस गुल. ते टाकून पाहाले काय हरकत हाय?

हायड्रो_नाना
हरकत आहे भाऊ. ते बहुतेक सिलिकॉन असतं. हायड्रॉलिक तेलात कंपनी ते टाकते, पण अगदी किंचित. वरून आणखी घातलं तर वरचा फेस जातो, झाकण उघडलं की मस्त दिसतं. पण तेलाच्या पोटातले बारीक बुडबुडे उलट जास्त वेळ अडकून राहतात. दिसायला बरं, रॅम आणखी मऊ. फेस हे लक्षण आहे, आपल्याला त्रास पोटातल्या बुडबुड्यांचा आहे.

मोर्शीचा_संत्रा
म्हणजे सर्दीला पावडर लावल्यासारखं. तोंड गोरं, नाक तसंच.

काळी_माती
सापडलं! निदान एक तरी. पंपाच्या तोंडाशी जो फ्लँज आहे, तिथे ग्रीस लावलं आणि दोन-तीन सेकंदांत पंपाचा आवाज गिट्टीवरून भुंग्यावर आला. ग्रीस चक्क आत ओढलं गेलं, बोटाच्या ठशाएवढा खड्डा पडला. उघडून बघितलं तर ओ-रिंगला एका बाजूला काप. आता आठवलं, दिवाळीनंतर पंपाचं सील बदलायला पंप उतरवला होता. ओ-रिंग जुनीच घातली असणार.

नवी ओ-रिंग घातली. आवाज गेला. फेस चार बोटांवरून दोन बोटांवर. पण रॅम अजून पुरता घट्ट नाही. काटा दोन सेकंद घेतोय.

ल्युब_काका
उरलेलं माझं. तळातलं ते जुनं इंजिन ऑइल. काढा, टाकी पुसा, फ्लशिंग करा, मग बघा.

जेसीबीवाला_गणू
आता तरी वरचा नट ढिला करू द्या ना नाना 😀

हायड्रो_नाना
थांब. काका, तुमची शंका मी सोडून दिलेली नाही, पण आधी फुकटातलं बघू.

काळी_माती, रॅम खाली येतो तो स्वतःच्या वजनाने ना? मग तेच १२० लिटर भसकन टाकीत परत येतं. टॉर्च घ्या, टाकीच्या मोठ्या झाकणातून आत बघा आणि रॅम खाली आणायला सांगा. रिटर्नच्या पाइपाचं तोंड तेलात बुडालेलं आहे की तेलाच्या वर? आणि हे रॅम वर असताना बघायचं, खाली असताना नाही. राजाची डिपस्टिक आठवा.

अभि_मेक
टाकी किती बाय किती?

काळी_माती
१२०० बाय ८०० मिलिमीटर. लेव्हलची काच रोज सकाळी बघतो, रॅम खाली असतो, काच भरलेली असते.

अभि_मेक
मग १२० लिटर गेल्यावर लेव्हल साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे जवळपास अर्धी वीत, खाली जाते. सकाळच्या काचेत ते कधी दिसणारच नाही.

काळी_माती
नाना, पाय पकडतो. रॅम वर असताना बघितलं तर रिटर्नचा पाइप तेलाच्या चांगला हातभर वर नाही, पण सात-आठ बोटं वर लोंबतोय. रॅम खाली सोडला आणि चिखलदऱ्याला पावसाळ्यात धबधबा बघतो तसं तेल कोसळलं. पांढरंफेक. शेवटी-शेवटी लेव्हल वर येऊन तोंड बुडतं, तेव्हा शांत. म्हणजे सकाळी झाकण उघडून बघणाऱ्याला पाइप बुडालेलाच दिसणार.

मिस्त्रीला विचारलं. म्हणाला, पाइप खालून गंजला होता, दिवाळीनंतर त्याच कामात "खराब तेवढा" कापून टाकला.

शेतकरी_राजा
पाह्य! डिपस्टिकच निघाली. म्हातारा ड्रायव्हर जिंकला.

हायड्रो_नाना
असं असतं. एक दुखणं सक्शनला, एक रिटर्नला, आणि दोन्ही एकाच दिवशी झाली. पहिलं सापडल्यावर तुम्ही थांबला असता तर दोन बोटं फेस कायमचा राहिला असता आणि सगळा दोष काकांच्या तेलावर गेला असता.

पाइप वाढवायचा. तोंड सगळ्यात कमी लेव्हलच्याही बरंच खाली यायला हवं, पण तळाला टेकवू नका, पाइपच्या व्यासाच्या दुप्पट तरी अंतर ठेवा, नाहीतर तळाचा गाळ उसळेल. टोक पंचेचाळीसात तिरपं कापा आणि तिरप्या तोंडाची बाजू टाकीच्या भिंतीकडे करा, सक्शनकडे पाठ. टाकीत मधे पडदा आहे का? असला तर रिटर्न एका बाजूला, सक्शन दुसऱ्या बाजूला, म्हणजे तेलाला लांबून फिरून यावं लागतं आणि तेवढ्यात बुडबुडे वर सुटतात. वेल्डिंग टाकीत नको. पाइप बाहेर काढून करा आणि आत मळी राहू देऊ नका.

आणि रॅमखाली काम करायचं तर लाकडाच्या ठोकळ्यावर भरवसा नको, लोखंडी अडसर घाला.

काळी_माती
पडदा आहे, पण त्याच्या खालच्या भोकात रुईचा गोळा अडकलेला. ब्रीदर उघडला तर त्यात गादीएवढी रुई. जिनिंगमध्ये दुसरं काय मिळणार.

हायड्रो_नाना
ब्रीदर बंद असेल तर रॅम वर जाताना टाकीत हवाच शिरत नाही, पंपाला तेल खेचायला जोर पडतो. मग विरघळलेली हवाही बुडबुडे होऊन बाहेर पडते. म्हणजे बाहेरून काहीही न शिरता तेलातूनच हवा निघते. ब्रीदर साफ करा, आणि सक्शनचा स्ट्रेनरही काढून बघा. तिथेही गादी असेलच.

तेलघाणी_ताई
मी सगळं वाचतेय हां. तेल उंचावरून ओतलं की फेस येतो हे मला माहीत होतं, मला कुणी विचारलंच नाही.

मोर्शीचा_संत्रा
ताई, पहिल्याच प्रतिसादात भजी न काढता हे सांगितलं असतं तर तीन दिवस वाचले असते.

काळी_माती
आज पाइप लावला. २ इंची, तिरपं तोंड भिंतीकडे. ब्रीदर नवा. स्ट्रेनरची जाळी अर्धी रुईने बंद होती, धुतली. मग गणूचा नट, नानांच्या पद्धतीने: दाब उतरवून, रॅम हळू, कपडा धरून. पहिल्यांदा पाचेक मिनिटं थुंकल्यासारखा फेस आला, मग सलग धार.

दिवसभर गाठी काढल्या. दुपारी चारला झाकण उघडलं. कडेला साबणाच्या पाण्याएवढी रेघ, मधे तेल पिवळं. काटा रिकाम्या पेटीत सेकंदाच्या आत शंभरला. प्रेसमनने लिव्हर मधेच सोडला, रॅम जागच्या जागी. तो म्हणाला, "आता हा आपला झाला."

जेसीबीवाला_गणू
नट माझा, हे लक्षात ठेवा.

ल्युब_काका
छान झालं. पण संध्याकाळी रॅम थोडा मऊ होतो का, ते बघत राहा. जुनं इंजिन ऑइल मिसळलेलं असलं तर बुडबुडे सुटायला वेळ लागतो. मी अजून म्हणतो एकदा फ्लश करा.

काळी_माती
काका, खोटं नाही, सहा वाजता किंचित मऊ वाटला. किंवा मनाचा खेळ असेल. काटा दीड सेकंद.

हायड्रो_नाना
गरमीही असेल. दिवसभरात तेल तापून पातळ झालं की पंप आतल्या आत जास्त गळतो, त्याचाही काट्यावर परिणाम होतो. काका म्हणतात तेही असू शकतं. एकाच वाचनावरून ठरवू नका. चार दिवस रोज सकाळी आणि संध्याकाळी रिकाम्या पेटीत काटा मोजा, वहीत लिहा, शेजारी तेलाचं तापमान. ग्लासही ठेवा: किती मिनिटांत साफ होतं. संध्याकाळचा ग्लास सकाळच्यापेक्षा खूप उशिरा साफ झाला तर काका जिंकले. ग्लास सारखाच आणि काटाच सुस्त, तर पंपाकडे बघू.

अभि_मेक
पण गरम तेलात बुडबुडे उलट लवकर सुटायला हवेत ना? पातळ असतं म्हणून?

हायड्रो_नाना
हवेत. म्हणूनच उशीर लागला तर तेलाच्या रसायनावर संशय घ्यायचा. डिसेंबरच्या थंडीत सकाळी जाड तेलात उशीर लागला तर ते नैसर्गिक.

काळी_माती
वही सुरू केली. एक राहिलं. जुनं बॅरल, जे मी तेव्हा काढून ठेवलं, त्यात १८० लिटर आहे. तेही आता ग्लासात ठेवून बघितलं तर स्वच्छ दिसतंय. म्हणजे मी चांगलंच तेल काढून टाकलं होतं? परत वापरता येईल?

ल्युब_काका
अजिबात नाही. त्यात दहा लिटर इंजिन ऑइल आहे, तुम्हीच सांगितलं.

हायड्रो_नाना
मी तर गाळून, पाणी तपासून, हळूहळू भरीला वापरलं असतं. पण काकांचंही चुकीचं म्हणता येत नाही. तुमची टाकी, तुमचा निर्णय.

शेतकरी_राजा
नाई वापरायचं असंल तं माह्या ट्रॉलीले द्या. येतो घ्याले. वणीत कुठं?